कंदील अभ्यासिका विश्वस्त निधी, पाटोदा: विश्वस्तपत्र

विश्वस्तपत्र आज बुधवार, दिनांक 30 एप्रिल 2025, वैशाख शुद्ध तृतीया शके 1947 रोजी मुक्काम पाटोदा, जिल्हा बीड येथे.

लिहून देणार: श्रीमती शांता ज्ञानोबा गर्जे, वय 68, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार पाटोदा (यापुढे ‘संस्थापक’).

लिहून घेणार, सर्व राहणार तालुका पाटोदा (यापुढे संस्थापकासह ‘विश्वस्त’):
श्री. भागवत आसाराम तांदळे, वय 52, शेती
श्रीमती मुक्ता बाळू राख, वय 39, ऊसतोड मजुरी
श्री. इस्माईल गुलाब शेख, वय 47, किराणा दुकान
श्रीमती अर्चना विठ्ठल जाधव, वय 34, परिचारिका

कारणे विश्वस्तपत्र लिहून देते ऐसे की,

मी 31 वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. दरवर्षी दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची गाडी लागे आणि वर्गातली बाके रिकामी होत. पटावर मात्र नावे तशीच राहत. काही लेकरे आईबापांबरोबर फडावर जात, काही आजीजवळ मागे राहत. मागे राहिलेल्यांना संध्याकाळी दिव्याखाली बसायला जागा आणि पोटाला गरम भाकरी मिळाली तर ती टिकतात, हे मी माझ्याच ओसरीवर पाहिले आहे. ते काम माझ्यामागे चालावे म्हणून हा निधी मी कायमचा निर्माण करीत आहे. तो मला किंवा माझ्या वारसांना रद्द करता येणार नाही अथवा परत घेता येणार नाही.

1. नाव व कार्यालय. निधीचे नाव ‘कंदील अभ्यासिका विश्वस्त निधी, पाटोदा’. कार्यालय संस्थापकाच्या राहत्या घराच्या पुढील दोन खोल्यांत राहील. विश्वस्तांच्या ठरावाने ते तालुक्यात दुसरीकडे हलवता येईल. मात्र तसा फेरफार कळवावा लागेल.

2. मिळकत. संस्थापकाने आज रु. 2,51,000 (अक्षरी रुपये दोन लाख एक्कावन्न हजार फक्त) धनादेशाने विश्वस्तांच्या हवाली केले. ही मूळ रक्कम असून ती खर्च करायची नाही; खर्च फक्त व्याज आणि चालू देणग्यांतून करावा. याखेरीज 8 टेबले, 2 लोखंडी कपाटे व 340 पुस्तके निधीच्या मालकीची झाली. वरील दोन खोल्या वापरायला दिल्या आहेत, त्यांचे भाडे नाही. या दस्ताने घराची किंवा जागेची मालकी निधीकडे जात नाही, तेव्हा पुढे त्यावरून वाद घालू नये.

3. उद्देश.
(अ) ऊसतोड मजुरांच्या व इतर गरजू कुटुंबांतील मुलामुलींसाठी संध्याकाळची अभ्यासिका व वाचनालय चालवणे.
(आ) तोडणीच्या हंगामात, म्हणजे साधारण दिवाळी ते गुढीपाडवा, मागे राहिलेल्या मुलांना रात्रीचे जेवण देणे.
(इ) वह्या, पुस्तके, परीक्षा शुल्क व प्रवासभाडे यांसाठी मदत करणे.
(ई) मुलांची आरोग्य तपासणी व प्राथमिक औषधोपचार यांची सोय करणे.

लाभ देताना जात, धर्म, पंथ किंवा लिंग पाहिले जाणार नाही. विश्वस्तांच्या नात्यातल्या मुलाला अभ्यासिकेत बसता येईल, पण पैशाची मदत मिळणार नाही. निधी नफ्यासाठी किंवा राजकीय प्रचारासाठी वापरता येणार नाही. निवडणुकीच्या दिवसांत खोल्यांच्या भिंतीवर कोणाचेही पोस्टर लागणार नाही, एवढे इथेच स्पष्ट लिहून ठेवते.

4. विश्वस्तांचे अधिकार. विश्वस्तांना देणग्या स्वीकारणे, राष्ट्रीयीकृत किंवा अनुसूचित बँकेत खाते उघडणे, कायद्याने परवानगी दिलेल्या ठिकाणीच रक्कम गुंतवणे, स्वयंपाकीण व अभ्यासिका सांभाळणारी व्यक्ती पगारावर नेमणे, जागा भाड्याने घेणे आणि कोर्टकचेरीत निधीतर्फे उभे राहणे हे अधिकार राहतील. देणगीदाराने घातलेली अट उद्देशाविरुद्ध असेल तर देणगी परत करावी.

खात्यावर अध्यक्ष, सचिव व खजिनदार यांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या लागतील. रु. 2,000 वरील प्रत्येक खर्च धनादेशाने किंवा बँकेमार्फत करावा. किराणा श्री. शेख यांच्या दुकानातून घेऊ नये. त्यांच्यावर अविश्वास म्हणून नव्हे, तर हिशेबाकडे कोणी बोट दाखवू नये म्हणून. ही अट त्यांनीच सुचवली आहे.

धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय स्थावर मिळकत विकता, गहाण ठेवता, अदलाबदल करता किंवा बक्षीस देता येणार नाही. शेतजमीन 10 वर्षांपेक्षा आणि बिगरशेती जमीन वा इमारत 3 वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने देता येणार नाही. कर्जही त्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय काढू नये. परदेशी देणगीसाठी लागणारी नोंदणी झाल्याखेरीज ती स्वीकारू नये.

विश्वस्त विनामोबदला काम करतील. निधीच्या कामासाठी केलेला प्रवासखर्च तिकीट दाखवल्यावर मिळेल.

5. सभा. वर्षातून किमान चार सभा होतील. वार्षिक सभा मे महिन्यातच घ्यावी, कारण तेव्हा तोडणीवर गेलेली माणसे गावात परतलेली असतात. गणपूर्ती तिघांची. निर्णय बहुमताने होईल. मते समसमान पडल्यास अध्यक्षांचे मत निर्णायक. हंगामात बाहेर असलेल्या विश्वस्ताला फोनवरून मत देता येईल, मात्र सचिवाने ते इतिवृत्तात त्याच दिवशी नोंदवून परतल्यावर सही घ्यावी.

6. मुदत व उत्तराधिकार. या तालुक्यात बापानंतर मुलगा, मुलानंतर सून अशी संस्था चालताना आणि शेवटी वाचनालयाच्या किल्ल्यांवरून भावाभावांची भांडणे होताना मी पाहिली आहेत. पुस्तकांना वाळवी लागली तरी कपाट उघडले नाही. म्हणून हे कलम मी सविस्तर घातले आहे.

(अ) विश्वस्त कमीत कमी तीन व जास्तीत जास्त सात असतील. प्रत्येकाची मुदत 5 वर्षे. सलग दोन मुदतींनंतर किमान एक मुदत बाहेर राहावे लागेल. ही मर्यादा संस्थापकालाही लागू आहे. आजीव विश्वस्त कोणीही नाही.
(आ) विश्वस्तपद वारसाहक्काने, मृत्युपत्राने किंवा मुखत्यारपत्राने कोणाला मिळणार नाही. रक्ताच्या अथवा लग्नाच्या नात्यातले दोघे एकाच वेळी विश्वस्त नसतील.
(इ) किमान एक विश्वस्त ऊसतोडीला जाणारा असावा आणि किमान दोन स्त्रिया असाव्यात.
(ई) मृत्यू, लेखी राजीनामा, दिवाळखोरी, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा किंवा कारण न कळवता सलग तीन सभांना गैरहजेरी यांमुळे पद रिकामे होईल. तोडणीसाठी गेलेल्या विश्वस्ताची गैरहजेरी यात धरू नये.
(उ) रिकामी जागा उरलेल्यांनी 60 दिवसांत बहुमताने भरावी आणि कायद्याने ठरलेल्या 90 दिवसांत फेरफार अहवाल दाखल करावा. विश्वस्त तिघांहून कमी उरल्यास त्यांनी नेमणुकीपलीकडे कोणताही निर्णय घेऊ नये. एकही न उरल्यास कोणीही हितसंबंधी व्यक्ती धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करू शकेल.
(ऊ) पायउतार होणाऱ्याने 15 दिवसांत किल्ल्या, पावतीपुस्तके व शिक्के यादी करून सोपवावेत. खोल्यांच्या किल्ल्यांचे दोन जोड राहतील: एक सचिवाकडे, दुसरा अभ्यासिका सांभाळणाऱ्या व्यक्तीकडे.

7. नोंदणी व हिशेब. आजपासून तीन महिन्यांच्या आत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदणीसाठी अर्ज करावा. हिशेबाचे वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च. हिशेब दरवर्षी सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावेत. जमाखर्चाचा एक कागद अभ्यासिकेच्या दाराजवळ महिनाभर लावून ठेवावा.

8. दुरुस्ती. कलम 2 मधील मूळ रकमेची अट, कलम 3 व 6 आणि निधी रद्द न होण्याची तरतूद यांचा गाभा बदलणारी दुरुस्ती करता येणार नाही. इतर दुरुस्ती विश्वस्तांच्या तीन-चतुर्थांश बहुमताने आणि कायद्याप्रमाणे लागणाऱ्या मंजुरीनंतरच.

9. विसर्जन. मुलेच राहिली नाहीत किंवा पैसा पुरेना असे झाले तर निधी आपोआप बंद होणार नाही. आधी विश्वस्तांनी एकमताने ठराव करून तो अभ्यासिकेत व नगरपंचायतीत 30 दिवस आधी जाहीर करावा. दुसऱ्या संस्थेत विलीन होता येते का ते पाहावे. तेही शक्य नसेल तर देणी व पगार भागवून उरलेली सर्व मिळकत, धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आणि आवश्यक तेथे न्यायालयाचा आदेश घेऊन, बीड जिल्ह्यात असाच उद्देश असलेल्या नोंदणीकृत व आयकर सवलतपात्र सार्वजनिक धर्मादाय संस्थेला द्यावी. संस्थापक, विश्वस्त किंवा त्यांचे नातेवाईक यांच्या वाट्याला एक टेबलही येणार नाही. पुस्तके मात्र शक्यतो पाटोद्यातल्याच शाळेला द्यावीत.

येणेप्रमाणे विश्वस्तपत्र मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून दिले. सर्व विश्वस्तांना ते मोठ्याने वाचून दाखवले असून त्यांनी विश्वस्तपद स्वीकारले आहे.

संस्थापक व विश्वस्त: शांता ज्ञानोबा गर्जे (सही)
विश्वस्त: भागवत आसाराम तांदळे (सही), मुक्ता बाळू राख (डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी), इस्माईल गुलाब शेख (सही), अर्चना विठ्ठल जाधव (सही)

साक्षीदार:
1. संदीप ज्ञानोबा गर्जे, संस्थापकाचा मुलगा, वय 41. या निधीवर माझा कोणताही हक्क नाही हे मला मान्य आहे. (सही)
2. कल्याण रामभाऊ नागरगोजे, वय 58, राहणार पाटोदा. श्रीमती राख यांना मजकूर वाचून दाखवला व निशाणी माझ्यासमोर झाली. (सही)