साप चावला तर: कार्यशाळेनंतर जवळ ठेवायची दोन पानं

संगमेश्वर तालुक्यातल्या आशाताई, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील आणि बागायतदार यांच्यासाठी

पान 1: दवाखान्यात पोचेपर्यंत

पडद्यावर दाखवलेल्या सापांच्या फोटोंपैकी एकही इथे घेतलेला नाही, आणि तो मुद्दाम घेतलेला नाही. हातात फोटो असला की माणसं साप जुळवत बसतात आणि रुग्ण पडवीत तसाच राहतो. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर मिळून एकच आहे. ते द्यायचं की नाही, हे डॉक्टर लक्षणं आणि रक्त बघून ठरवतात. त्यामुळे सापाच्या मागे धावू नका, मारलात तरी पिशवीत घालून आणू नका. मेलेल्या सापाचं डोकंही दंश करू शकतं. दुरून मोबाईलवर फोटो सहज निघाला तर ठीक, नाहीतर सोडून द्या.

आधी हे करा. सापापासून बाजूला व्हा, रुग्णाला आडवं करा, धीर द्या. धीर देणं हाही उपचारच आहे, कारण घाबरून धावपळ केली तर विष अंगात लवकर पसरतं. बांगड्या, अंगठी, जोडवी, पैंजण, घड्याळ, घट्ट कपडे लगेच काढा. हात-पाय सुजला की ते निघत नाहीत आणि रक्तपुरवठा तोडतात. चावलेला हात किंवा पाय मोडलाय असं समजून फळी किंवा काठी लावून कापडाने सैलसर बांधा. बांधायचं ते हलू नये म्हणून, विष अडवायला नाही. रुग्णाला चालवू नका, चार पावलंसुद्धा नको.

108 ला फोन करा. गाडी वाडीपर्यंत येत नसेल तर रुग्णाला झोळीतून किंवा खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत आणा. मोटरसायकलशिवाय काहीच नसेल तर रुग्ण मध्ये, चालवणारा पुढे आणि धरून बसणारा मागे. उलटी होत असेल, मान टाकत असेल किंवा बोलणं जड झालं असेल तर डाव्या कुशीवर झोपवूनच न्या आणि तोंडाने काही देऊ नका.

चावल्याची वेळ रुग्णाच्या हातावर पेनाने लिहा. सूज कुठपर्यंत आली आहे तिथे रेघ मारून तीही वेळ टाका. डॉक्टरांना या दोन खुणांचा मोठा उपयोग होतो.

हे अजिबात नको. दोरी किंवा रुमाल आवळून बांधणं. ब्लेडने चिरणं. तोंडाने विष ओढणं. बर्फ, चुना, झाडपाला लावणं. मिरची किंवा कडुनिंब खायला देऊन विषाची परीक्षा घेणं. घोणस-फुरशाच्या दंशात रक्त गोठायचं थांबतं, अशा वेळी चिरलेली जखम भळाभळा वाहत राहते. आवळलेल्या दोरीखाली हात काळा पडलेले रुग्ण दवाखान्यात येतात, आणि कधीकधी विषापेक्षा दोरीच जास्त नुकसान करून जाते.

मांत्रिकाबद्दल स्पष्टच लिहिते. पुष्कळ साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. असे रुग्ण कुणीही मंत्र घातला नसता तरी बरे झालेच असते. मंत्राची कीर्ती त्यांच्यावर उभी आहे, आणि ज्याच्या अंगात खरंच विष गेलंय त्याचे पहिले दोन तास तिथे जातात. घरच्यांची श्रद्धा असेल तर वाद घालत बसू नका. "गाडी निघू दे, तुम्ही इथे जे करायचं ते करा," एवढं सांगून रुग्णाला गाडीत घाला.

पान 2: चौघांची ओळख लक्षणांवरून, आणि तुम्ही विचारलेले प्रश्न

फुरसे आपल्याकडचा सगळ्यात जास्त भेटणारा. जेमतेम फूट-दीड फूट, जांभ्याच्या गडग्यात, पालापाचोळ्यात, काजूच्या बागेत. अंग अंगावर घासून खरखर आवाज करतो. दंशाच्या जागी सूज आणि दुखणं, मग हिरड्यांतून किंवा जखमेतून न थांबणारं रक्त. लहान दिसतो म्हणून दुर्लक्ष होतं, ते करू नका.

घोणस कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कारतो. झपाट्याने सूज, फार वेदना, रक्तस्राव, लघवी कमी किंवा लाल. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, म्हणून दाखल झाल्यापासून लघवी किती होते याकडे घरच्यांनीही लक्ष ठेवावं.

नाग चावला की जागा दुखते, सुजते, काळी पडू शकते. मग पापण्या जड, बोलणं बोबडं, गिळताना त्रास, धाप.

मण्यार सगळ्यात फसवा. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावतो, दुखत नाही, सूज नाही, दाताची खूणही बहुतेक दिसत नाही. पहाटे माणूस पोटात दुखतंय, घसा धरलाय म्हणून उठतो. घरचे अपचन समजून सोडा देतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं कुणी असं उठलं तर टॉर्चच्या उजेडात पापण्या बघा. वर बघायला सांगूनही पापण्या उचलत नसतील तर त्याला सर्पदंशाचा रुग्ण समजा आणि निघा.

नाग आणि मण्यारच्या रुग्णाचे डोळे मिटलेले, हातपाय लुळे, म्हणजे संपलं असं मानू नका. त्याला पुष्कळदा सगळं ऐकू येत असतं. श्वास बंद पडत असेल तर तोंडाने किंवा फुग्याने श्वास देत राहा. कृत्रिम श्वासावर ठेवलेली अशी माणसं काही दिवसांनी चालत घरी जातात.

दोरी आधीच बांधलेली असेल तर? वाटेत झटक्यात सोडू नका, अडलेलं विष एकदम पसरू शकतं. डॉक्टरांसमोर सोडवा.

लहान मुलाला प्रतिविष कमी द्यायचं ना? नाही. साप मुलाला कमी विष टोचत नाही, म्हणून मात्रा मोठ्या माणसाइतकीच. गरोदर बाईलाही ते देतात, त्यात अडवण्यासारखं काही नाही.

"दवाखान्यात नेलं तर इंजेक्शन न देता नुसतं झोपवून ठेवलं." ही तक्रार सत्रात दोघींनी केली. प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनतं, त्याची तीव्र ॲलर्जी होऊ शकते, म्हणून विषाची लक्षणं असतील तेव्हाच देतात. त्यासाठी दोन-तीन मिली रक्त काचेच्या कोरड्या नळीत 20 मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाचं विष काम करतंय. ही चाचणी पुन्हापुन्हा करावी लागते, म्हणून बरं वाटलं तरी 24 तास दवाखाना सोडू देऊ नका.

पावसाच्या आधी प्रत्येकीने एक काम करायचं आहे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारा: प्रतिविष आहे का, रात्री देणारं कोण असतं, श्वासाचं यंत्र जवळात जवळ कुठे आहे. उत्तरं आणि रात्री गाडी काढणाऱ्या दोघांचे नंबर या कागदाच्या कोऱ्या बाजूवर लिहा.

घरोघरी सांगायचं ते थोडकं आहे. जमिनीवर झोपायचं तर मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचून. रात्री परसात जाताना टॉर्च. गडग्यात, पेंढ्याच्या उडवीत, लाकडांच्या ढिगात हात घालण्याआधी काठी. बागेत काम करताना घोट्याच्या वर येणारे बूट. गवत काढताना फुरशाचा दंश बहुधा हाताला किंवा पायाच्या पंजाला होतो.

शेतकरी कुटुंबात सर्पदंशाने मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून मदत मिळू शकते. दवाखान्याचे कागद जपून ठेवायला सांगा आणि अर्जासाठी लवकरात लवकर तालुका कृषी अधिकारी कार्यालयात पाठवा.