ओळंबा घेऊन दूरमाळात

धारूरच्या घाटात एका टपरीवर चहा पीत होतो. टपरीमागून एक पायवाट बालाघाटाच्या पोटात शिरत होती. टपरीवाला म्हणाला, "तिकडं कुणी जात नाही."

"कामून?"

"तिकडून कुणी येत नाही म्हणून."

एवढ्यावर मी निघालो. पिशवीत दोन शर्ट, थापी, ओळंबा आणि बायकोनं बांधून दिलेल्या सहा भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी. गवंडीकाम करून तीस वर्षं झाली. हत्यार घरी ठेवून बाहेर पडलं की उघडं पडल्यासारखं वाटतं. पाचवी भाकरी मोडली तेव्हा मी दूरमाळात पोचलो होतो. या मुलखाचा सात-बारा कुठल्या तलाठ्याकडं मिळणार नाही. बोली आपल्यासारखीच, फक्त 'नाही' म्हणायला त्यांच्याकडं शब्द नाही. जीभ टाळूला लावून 'टक्' करतात, की झालं.

पहिला मुक्काम उंबरगाव. घरांना दारं नाहीत, पण उंबरे गुडघ्याएवढे उंच. एका उंबऱ्याबाहेर उभा राहिलो तर आतून साठीची बाई आली, मला खालीवर बघितलं आणि पहिला प्रश्न टाकला, "परत कधी जाणार?"

मी चिडलो. आमच्याकडं पाहुण्याला असं विचारणं म्हणजे त्याची चप्पल त्याच्या हातात देणं. पाहुणा निघाला तरी 'बसा की, काय घाई हाय' म्हणायचं, मग आत डब्यात पीठ असो नसो. मी तोऱ्यात म्हणालो, "तीन दिवसांनी." बाईनं अंगणातले तीन खडे उचलले, देवळीत मांडले आणि म्हणाली, "मग तीन दिवस घर तुमचं. आता आत या."

रोज सकाळी एक खडा उचलून बाहेर टाकायची. खडा आहे तोवर मी बसलो काय, झोपलो काय, कुणी कपाळाला आठी घातली नाही. चूल माझी, बाज माझी, पोरांना रागावायचा हक्कही माझा. तिसऱ्या दिवशी देवळी मोकळी झाली आणि जेवणाचं ताट आलं नाही. भांडण नाही, टोमणा नाही. चौथ्या दिवशी राहायचं होतं, तर शेजारच्या पोरानं सांगितलं, "काका, खडा आपला आपण आणायचा. नदीतनं. इथून दोन कोस." गेलो, आणला.

एक गोष्ट मात्र तिथं खटकली. पाणी पुढं येत नाही, मागावं लागतं. आमच्याकडं माणूस उन्हातून आला की आधी तांब्या आणि गुळाचा खडा, मग 'गाव कोणतं'. ही रीत मला कुणी शिकवली नाही, अंगातच होती. आणि ती मी एकदा मोडलेली आहे. ते पुढं येईल.

पुढं घंटाळ नावाचं मोठं शहर लागलं. तिथल्या चालीरीती मला विचारू नका. पहिल्याच रात्री कसलीशी आंबट भाजी खाल्ली आणि चार दिवस आडवा झालो. छत तेवढं पाठ आहे : सागाच्या तुळया, एकीला मधोमध चीर, आणि खालून टेकू न देता वरून रंग मारलेला. घरमालकाला सांगितलं तर तो म्हणाला, "पाहुण्यानं छताकडं बघू नये."

तिथून हलवणी. या गावात घराचं वय पोरापेक्षा जास्त असून चालत नाही. घरात मूल जन्मलं की जुनं घर पाडायचं आणि बारशाच्या आत नवं उभं करायचं. भिंती कुडाच्या, तुराट्यांसारख्या काटक्यांच्या, दोन्हीकडून शेणमाती. वर गवत. मी पोचलो त्या दिवशी एक घर पाडत होते. बायका गाणी म्हणत होत्या, आजोबा स्वतः मेढी उपटत होते. माझा जीव तुटला. गवंड्यासमोर घर पाडणं म्हणजे सुतारासमोर झाड जाळणं.

"कशाला पाडता?" मी विचारलं. "अजून वीस वर्षं उभं राहिलं असतं."

आजोबांनी मेढीवर हात ठेवून विचारलं, "तुमच्याकडं किती वर्षं उभी राहतात?"

"शंभर. दीडशे."

"मग पडतात तेव्हा?"

मी खाली बसलो. १९९३ साली मी सोळा वर्षांचा होतो, औशाकडं एका मिस्त्रीच्या हाताखाली. ३० सप्टेंबरची पहाट, चार वाजायला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपलेले. किल्लारीकडं माणसं भूकंपानं मेली म्हणतात, पण आम्ही ढिगारे उपसले तेव्हा मला जे दिसलं ते वेगळं होतं. माणसं घराखाली मेली होती. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडी भिंती, सांध्यात चुना नाही, नुसती माती. आत-बाहेर दोन पदर, पण दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड नाही. आणि त्यावर माळवद : तुळया, फळ्या, मग हातभर पांढरी माती. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून आणखी थोडी टाकायची. आजानं टाकलेली, बापानं टाकलेली, सगळी डोक्यावर तशीच.

हे मी हलवणीच्या लोकांना सांगितलं. एका तरुण पोरीनं, कडेवर दहा दिवसांचं बाळ, साधं विचारलं, "एवढं वजन डोक्यावर कशाला घेतलं?"

"उन्हाळ्यात गार राहायचं," मी म्हणालो. खरंच होतं ते. आमच्याकडचं एप्रिल-मेचं ऊन ज्यानं काढलंय त्याला माळवदाखालचा तो गारवा विसरता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या कामावर गेलो. ओळंबा लावून मेढ सरळ केली. सगळे हसले. त्यांची मेढ मुद्दाम थोडी तिरपी असते, पडली तर अंगणात पडावी म्हणून. मी ओळंबा पिशवीत टाकला आणि शेण कालवायला घेतलं.

उसनवाडीत सगळ्यात जास्त राहिलो, एकवीस दिवस. तिथं पहिल्याच आठवड्यात गाव माझ्यावर रुसलं. झालं असं की शेजारच्या मावशींकडून वाटीभर पीठ उसनं आणलं होतं. मजुरीचं धान्य मिळालं, दळून आणलं आणि वाटी परत केली. शिगोशीग भरून वरून तळहात फिरवला, एक कण इकडं ना तिकडं. आपल्याला वाटलं, चोख व्यवहार. मावशींनी वाटीकडं बघितलं आणि त्यांचं तोंड उतरलं. "मिस्त्री, माझं काय चुकलं?"

गल्ली गोळा झाली. तेव्हा कळलं की त्या गावात सपाट वाटी परत करणं म्हणजे संबंध तोडणं. वाटी शिगेनं भरली तर मावशी माझं देणं लागतात, थोडी कमी भरली तर मी त्यांचं लागतो, दोन्ही चालतं. फिट्टंफाट मात्र चालत नाही. भावाभावात वाटण्या होतात तेव्हाच तिथं सपाट वाटी देतात, आणि त्या दिवशी दोन्ही घरी चूल पेटत नाही. मला माझ्याच वाटीतनं दोन चिमटी पीठ परत काढून घ्यावं लागलं. मावशी हसल्या. तेवढ्या दोन चिमटींसाठी पुढं रोज संध्याकाळी त्या मला गप्पांना बोलवायच्या.

मी भाळलो. आमच्या बाजूला कर्ज म्हटलं की मान खाली. बीडकडचा एखादा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यावर जाते. उचल फिटेस्तोवर दुखलं-खुपलं तरी फडातनं हलता येत नाही, आणि हंगाम संपला तरी थोडी बाकी राहतेच. उसनवाडीत बाकी राहणं म्हणजे माया राहणं. मला वाटलं, हे न्यावं गावाकडं.

मग एके दिवशी वेशीवर एक म्हातारा भेटला. तरुणपणी चुलत्याकडून एक बैल घेतलेला. बैल मेला, चुलता मेला, आता चुलत्याची नातवंडं दर पेरणीला त्याला बोलावतात आणि तो जातो. "फेडा की एकदाचं," मी म्हणालो. त्यानं 'टक्' केलं. "फेडू देत नाहीत. माया आहे म्हणतात." त्याच्या पायाला कुरूप झालं होतं आणि तो दुसऱ्याच्या रानात चालला होता. मी ती रीत गावाकडं नेण्याचा विचार तिथंच सोडला. मावशींचं देणं मात्र अजून ठेवलंय.

उसनवाडीच्या पुढं रान उघडं पडत जातं. आमच्या मांजऱ्याचं पात्र उन्हाळ्यात दिसतं तसं एक पात्र लागलं, नुसती वाळू. त्यात झिरे खणलेले. भर दुपारी मी एका झिऱ्यापाशी पोचलो. कमरेएवढा खड्डा, तळाशी ओली वाळू, तिच्यातून करंगळीएवढी धार पाझरत होती. ती दिसत नव्हती, वाळूचे कण हलत होते त्यावरून कळत होतं. कडेला एक करवंटी. मी करवंटी बुडवणार एवढ्यात वरून आवाज आला, "टक्!"

आठ-नऊ वर्षांची पोर. काखेत घागर.

"आपलं पाणी आपण काढायचं नसतं," ती म्हणाली. "मी तुमचं काढते, तुम्ही माझं काढा."

"आणि कुणीच आलं नसतं तर?"

"मग परत जायचं आणि कुणाला तरी घेऊन यायचं."

ती खाली उतरली. करवंटी तिरपी धरून, वाळू उडू न देता, ती पाणी गोळा करत होती. एक करवंटी भरायला मला वाटतं पाच मिनिटं गेली. मी कडेला बसलो आणि, का कोण जाणे, तिला लातूर सांगितलं. २०१६ चा एप्रिल. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते बघायला स्टेशनवर गर्दी. आमच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी. मी दारात दोनशे लिटरचा ड्रम ठेवलेला, त्याला साखळी, साखळीला कुलूप. एका दुपारी एक माणूस आला, तोडीवरून परत निघालेला, कोयता पोत्यात गुंडाळलेला, सोबत बायको. म्हणाला, "घोटभर पाणी द्या." चावी माझ्या खिशात होती. मी म्हणालो, "पुढं बघा." तो काही बोलला नाही. बायकोनं कुलपाकडं बघितलं.

पोरीनं करवंटी वर दिली. पाणी गढूळ होतं, गोड होतं.

"मग त्यांनी पुढं कुठं प्यायलं?" तिनं विचारलं.

"माहीत नाही."

तिनं थोडा वेळ माझ्याकडं बघितलं. मग घागर माझ्यापुढं सरकवली आणि वर येऊन माझ्या जागी बसली. मी झिऱ्यात उतरलो. वाळू पायाला गार लागली. घागर भरायला दिवस मावळला.