फसलेल्या पेमेंटसाठी नवं वेळापत्रक (मसुदा 2, बिलिंग आणि सपोर्ट टीमसाठी)

सध्या आपण काय करतो, तर पैसे कापले गेले नाहीत की रोज एकदा, असं सलग आठ दिवस कार्डावर प्रयत्न करतो आणि प्रत्येक अपयशाचा मेल पाठवतो. मागच्या महिन्यात एका वाचकाने लिहिलं, "या महिन्यात पुस्तकं दोन वाचली, तुमचे मेल आठ वाचले." त्यातला शेवटचा मेल तर त्यांनी पैसे भरल्यावर दोन तासांनी गेला होता. मेल रांगेत टाकताना आपण पेमेंटची स्थिती बघतो, पण तो निघताना बघत नाही.

म्हणून या मसुद्यात एकच मोठा बदल आहे: प्रयत्नांचं वेळापत्रक आणि निरोपांचं वेळापत्रक वेगळं. प्रयत्न पाच झाले तरी निरोप तीनच.

आधी कारण बघायचं

बँकेकडून नकाराचा कोड येतो. आज आपण तो नोंदवतो आणि विसरतो. 51 म्हणजे खात्यात पुरेसे पैसे नाहीत, हे काही दिवसांत सुटू शकतं. 91 म्हणजे बँकेची यंत्रणा बंद, हे बहुतेकदा काही तासांत सुटतं. 54 म्हणजे कार्डाची मुदत संपली. 14 म्हणजे नंबरच चुकीचा. 41 आणि 43 म्हणजे हरवलेलं किंवा चोरीचं कार्ड. या चारांवर त्याच कार्डाने पुन्हा प्रयत्न करणं म्हणजे बंद दारावर थापा मारणं. 05 हा सगळ्यात त्रासदायक, कारण बँक नुसतं "नाही" म्हणते, का ते सांगत नाही. त्याला दोनच संधी द्याव्यात असं माझं मत आहे.

```
51: [3d, 7d, 12d, 18d]
91: [4h, 1d, 3d]
05: [3d, 10d]
14, 41, 43, 54: []
```

आकडे पहिल्या अपयशापासूनचे. व्हिसाच्या नियमाने एकाच व्यवहारासाठी 30 दिवसांत जास्तीत जास्त 15 वेळा पुन्हा प्रयत्न करता येतो. आपण त्याच्या जवळपासही जाणार नाही. 51 मधली अंतरं मुद्दाम असमान ठेवली आहेत, म्हणजे 18 दिवसांत कधीतरी पगाराचा दिवस गाठला जाण्याची शक्यता वाढते.

वेळ: ग्राहकाच्या घड्याळाप्रमाणे सकाळी 10, फक्त 91 चा चार तासांनंतरचा प्रयत्न सोडून. आत्ताचं काम रात्री 2 ला चालतं, आणि बँकेचा "व्यवहार नाकारला" हा मेसेज माणसाला झोपेतून उठवतो. दोष मात्र आपल्याला लागतो, आणि तो बरोबरच आहे.

टाइमआउट झाला तर तो नकार धरू नका. आधी गेटवेला स्थिती विचारा, मग ठरवा. प्रत्येक प्रयत्नाला स्वतःची `idempotency_key` हवी, नाहीतर एक दिवस कुणाचे तरी पैसे दोनदा कापले जातील.

निरोप

उदाहरणासाठी 51 घेऊ. 5 तारखेला पहिलं अपयश: काहीच पाठवायचं नाही. 8 तारखेलाही फसलं, तर पहिला मेल:

> नमस्कार, या महिन्याच्या सबस्क्रिप्शनचे पैसे तुमच्या कार्डावरून आले नाहीत. 12 तारखेला सकाळी 10 वाजता पुन्हा प्रयत्न करू. तुमचं वाचन नेहमीप्रमाणे सुरू आहे. दुसरं कार्ड द्यायचं असेल तर खालच्या बटणावरून देता येईल, लॉगिन लागणार नाही.

12 ला फसलं तर मेल नाही. फक्त ॲपमध्ये वरच्या बाजूला एक पट्टी, बंद करता येईल अशी. 17 नंतर दुसरा मेल:

> अजून पैसे आलेले नाहीत. पुढचा आणि शेवटचा प्रयत्न 23 तारखेला सकाळी 10 वाजता आहे. सबस्क्रिप्शन नको असेल तर इथूनच रद्द करा, मग आम्ही तो प्रयत्न करणार नाही.

रद्द करण्याचं बटण लपवू नका. ज्याला जायचंच आहे तो बँकेत तक्रार करून जाण्यापेक्षा इथून गेलेला परवडतो.

23 नंतर तिसरा:

> 26 तारखेला तुमचं वाचन थांबेल. तुमच्या खुणा, टिपणं आणि यादी आम्ही जपून ठेवू. कार्ड बदललंत की सगळं जसंच्या तसं मिळेल.

54 ला मात्र मेल त्याच दिवशी, कारण वाट बघून काही होणार नाही. 41 आणि 43 ला "हे कार्ड चालत नाही, कृपया दुसरं द्या" एवढंच. चोरीचा उल्लेख नाही. मेल कोण वाचतंय ते आपल्याला माहीत नसतं. कार्ड बदलताच पैसे लगेच कापायचे आणि उरलेले निरोप रद्द करायचे. प्रत्येक मेल निघण्याच्या क्षणी पेमेंटची स्थिती पुन्हा तपासली जाईल.

विषयाच्या ओळीत "तातडीचं", "शेवटची सूचना", लाल त्रिकोण, यातलं काहीही नको. आणि या मेलमध्ये नव्या पुस्तकांची जाहिरातही नको. मार्केटिंगने दोनदा विचारलंय, उत्तर तेच आहे.

किती पैसे परत मिळाले एवढंच मोजून चालणार नाही. या 21 दिवसांत किती जणांनी स्वतःहून रद्द केलं आणि सपोर्टकडे किती तक्रारी आल्या, हे शेजारच्या रकान्यात हवं. सुरुवात मासिक ग्राहकांपैकी निम्म्यांवर. उरलेले जुन्याच पद्धतीवर, तुलनेसाठी. वार्षिकवाल्यांना अजून हात लावत नाही: रक्कम मोठी, आणि वर्षभराने आलेली वजावट अनेकांच्या लक्षातही नसते. त्यांना कापण्याआधीच एक निरोप लागेल, तो पुढच्या मसुद्यात.