एकसर आणि समांतर जोडणी : सरावपत्रिका

प्रकरण : विद्युतधारा  एकूण गुण : २५  वेळ : ५० मिनिटे

कोणत्याही उदाहरणासोबत आकृती दिलेली नाही, ती मुद्दामच. वाचा, परिपथ स्वतः काढा, मग आकडेमोडीला लागा. आकृतीशिवाय सोडवलेल्या उदाहरणाचा एक गुण जाईल. बॅटरीचा अंतर्गत रोध आणि जोडतारांचा रोध शून्य माना.

लागणारी सूत्रे:
V = IR, P = VI = V²/R = I²R
एकसर: R = R₁ + R₂ + R₃
समांतर: 1/R = 1/R₁ + 1/R₂ + 1/R₃

१. ३ Ω, ४ Ω आणि ५ Ω हे रोध १२ V च्या बॅटरीला एकसर जोडले आहेत. परिपथातील धारा आणि प्रत्येक रोधाच्या टोकांमधील विभवांतर काढा. (३)

२. १०० Ω, २२० Ω आणि ६८० Ω हे रोध ९ V च्या बॅटरीला एकसर जोडले आहेत.
(अ) सर्वांत जास्त विभवांतर कोणत्या रोधावर असेल? गणित न करता, कारणासह सांगा. (१)
(आ) आता तिन्ही विभवांतरे काढा. धारा मिलिअँपिअरमध्ये लिहा. (३)

३. ६ Ω आणि ३ Ω हे रोध ६ V च्या बॅटरीला समांतर जोडले आहेत.
(अ) परिणामी रोध, प्रत्येक शाखेतील धारा आणि एकूण धारा काढा. (३)
(आ) तिसऱ्या शाखेत २ Ω चा रोध जोडला. ६ Ω मधील धारा कमी होईल, वाढेल की तेवढीच राहील? (१)

४. ४ Ω आणि १२ Ω यांची समांतर जोडणी एका विद्यार्थ्याने अशी सोडवली:

1/R = 1/4 + 1/12 = 4/12 = 1/3, म्हणून R = 1/3 Ω

चूक कुठे आहे? बरोबर उत्तर लिहा. (२)

समांतर जोडणीचे उत्तर सर्वांत लहान रोधापेक्षा कमी येते, हे बहुतेकांना पाठ असते. पण इथे तेवढ्याने चूक पकडली जात नाही, कारण १/३ सुद्धा ४ पेक्षा लहानच आहे. दुसरी बाजूही तपासा: दोन रोध असतील तर उत्तर लहान रोधाच्या निम्म्याहून कमी येऊच शकत नाही. म्हणजे इथे ते २ आणि ४ यांच्या दरम्यानच हवे.

५. ६ Ω आणि १२ Ω यांची समांतर जोडी केली. या जोडीला २ Ω चा रोध एकसर जोडून सर्व काही १८ V च्या बॅटरीला जोडले.
(अ) परिणामी रोध, एकूण धारा आणि तिन्ही रोधांतील धारा काढा. (३)
(आ) १२ Ω ची शाखा तुटली. एकूण धारा किती होईल? ६ Ω मधील धारा वाढेल की कमी होईल? (३)

(आ) मध्ये घाई करू नका. प्रश्न ३ (आ) चे उत्तर इथे जसेच्या तसे चालत नाही. का चालत नाही, हे कळले की हे प्रकरण जवळजवळ हाती आले.

६. ‘६ V, ३ W’ आणि ‘६ V, ६ W’ असे छाप असलेले दोन दिवे ६ V च्या बॅटरीला एकसर जोडले. कोणता दिवा जास्त उजळ दिसेल? दोन्हींतील शक्ती काढून दाखवा. दिव्यांचा रोध बदलत नाही असे माना. (प्रत्यक्षात तंतू तापला की रोध वाढतो, पण तो हिशेब इथे नको.) (३)

७. ६ Ω चे तीन रोध आहेत. तिन्ही वापरून (अ) ९ Ω, (आ) ४ Ω आणि (इ) २ Ω कसे मिळवाल? (३)

★ वेळ उरला तरच, गुण नाहीत: दोन रोध एकसर जोडल्यास २५ Ω आणि समांतर जोडल्यास ६ Ω मिळतात. ते रोध कोणते?

उत्तरे

१. १ A, ३ V, ४ V, ५ V.

२. (अ) ६८० Ω; एकसर जोडणीत धारा सगळीकडे सारखी, म्हणून मोठ्या रोधावर जास्त विभवांतर. (आ) ९ mA, ०.९ V, १.९८ V, ६.१२ V. बेरीज ९ V येते का, पाहा.

३. (अ) २ Ω; १ A, २ A; एकूण ३ A. (आ) तेवढीच, १ A. टोकांमधील विभवांतर ६ V च आहे.

४. शेवटी व्यस्त घ्यायचे राहिले. R = ३ Ω.

५. (अ) ६ Ω. एकूण ३ A, तीच २ Ω मधून. ६ Ω मधून २ A, १२ Ω मधून १ A. (आ) आता रोध ८ Ω, एकूण धारा २.२५ A. एकूण धारा घटली, पण ६ Ω मधील धारा २ A वरून २.२५ A झाली. २ Ω वरील विभवांतर ६ V वरून ४.५ V वर आले, त्यामुळे ६ Ω च्या वाट्याला १२ V ऐवजी १३.५ V आले.

६. रोध १२ Ω आणि ६ Ω. धारा १/३ A. शक्ती अनुक्रमे सुमारे १.३३ W आणि ०.६७ W. ३ W चा दिवा जास्त उजळ.

७. (अ) दोन समांतर, त्यांना तिसरा एकसर. (आ) दोन एकसर, त्यांना तिसरा समांतर. (इ) तिन्ही समांतर.

★ १० Ω आणि १५ Ω. बेरीज २५, गुणाकार ६ × २५ = १५०.