खानापूरची दरकपात: भागीदारांसाठी हिशेब

समोरचा इंटरनेटवाला गणपतीच्या तोंडावर महिन्याचा ५०० चा फायबर प्लॅन ४०० ला आणणार अशी हवा आहे. आपणही आधीच पाटी बदलावी का?

धरलेले आकडे: दोघांची हजार-हजार कनेक्शनं. बँडविड्थ, वसुली, दुरुस्ती मिळून कनेक्शनमागे खर्च २२०. हेस्कॉमच्या खांबांचं भाडं, लाइनमनचे पगार, ओएलटीचं वीजबिल महिन्याला दीड लाख. जीएसटी बाजूला. एकट्यानेच दर उतरवला तर दुसऱ्याची ५०० गिऱ्हाइकं फुटतात.

महिन्याचा नफा (आधी आपला, मग त्याचा):

| | तो ५०० | तो ४०० |
|---|---|---|
| आपण ५०० | १,३०,००० / १,३०,००० | −१०,००० / १,२०,००० |
| आपण ४०० | १,२०,००० / −१०,००० | ३०,००० / ३०,००० |

याला सगळे ‘कैद्यांचा पेच’ म्हणतात, पण हा तो नाही. त्या पेचात समोरचा काहीही करो, दर पाडणंच फायद्याचं असतं. इथे तो ५०० वर असेल तर आपलंही ५०० लाच भलं, कारण दर पाडल्यावर कनेक्शनमागे २८० ऐवजी १८०च सुटतात आणि ५०० गिऱ्हाइकं ओढूनही तूट भरत नाही (५५६ लागतील). म्हणजे एकट्याने दर बदलून कोणाचाच फायदा नाही अशा जागा, नॅश समतोल, दोन: दोघे ५०० किंवा दोघे ४००. खालच्यात दोघांचे लाख-लाख जातात, तरी पाय तिकडेच वळतात, ते निव्वळ धास्तीने. तो दर पाडणार नाही याची ८० टक्क्यांहून जास्त खात्री असेल तरच या तक्त्यावर थांबणं परवडतं.

तक्त्यात एक खर्च मात्र नाही. फुटून आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला नवा ओएनयू, ड्रॉप वायर आणि मजुरी मिळून १,५०० लागतात. ५०० जणांचे साडेसात लाख २४ महिन्यांवर पसरले की महिना ३१,२५० होतात. एकट्याने दर पाडणाऱ्याचा नफा मग १,२०,००० नसून ८८,७५० राहतो आणि लागणारी खात्री ८० वरून ४९ टक्क्यांवर येते. हे गणित त्याच्याकडेही असेलच. नसेल तर तो पाडेल, आणि मग पुढचा आकडा कामाला येईल.

५०० गिऱ्हाइकं फुटतील हा अंदाजच सगळं ठरवतो. ३५७ पेक्षा कमी फुटली तर त्याने ४०० केल्यावरही आपण ५०० वरच राहावं. समजा ३०० गेली: ७०० × २८० वजा दीड लाख, उरतात ४६,०००. त्याच्यामागे ४०० वर गेलो तर ३०,०००.

तेव्हा पैसा दरात न घालता गळती अडवण्यात घाला. पावसाळ्यात झाड पडून फायबर तुटली की गिऱ्हाईक आधी तक्रार करतं, दोन दिवसांनी समोरच्याला फोन लावतं. म्हणून स्प्लायसिंग मशीन आणि माणूस खानापुरातच हवा, बेळगावहून येईपर्यंत संध्याकाळ होते. गणपतीला पुण्या-गोव्याहून मुलं गावी येतात, त्या आठवड्यात ५,५०० चा वार्षिक प्लॅन विका. वर्षाला ५०० सोडले तरी तेवढी कनेक्शनं बारा महिने जाग्यावर राहतात.

दुकानावर ‘समोरचा देईल तोच दर’ अशी पाटी लावायला हरकत नाही. दर पाडून गिऱ्हाइकं मिळणार नाहीत हे त्याला त्यातून कळतं. मात्र त्याच्याशी बसून दर ठरवायचा नाही. स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३ खाली ते संगनमताने किंमत ठरवणं होतं, मग ते चहाच्या टपरीवर तोंडी ठरलेलं असलं तरी.