पाणी आणि टाकी-सफाई बैठक, 8 फेब्रुवारी 2026 : रेकॉर्डिंगवरून केलेला गोषवारा

स्थळ : सोसायटीचं क्लबहाऊस, धायरी, पुणे. वेळ : रविवार, सकाळी 10.30 ते 11.50.
समितीतले पाच जण आणि काही सभासद हजर होते. हजेरीची वही सचिवांकडे आहे, त्यामुळे इथे यादी दिलेली नाही. अधिकृत इतिवृत्त सचिवच लिहितील. त्यांना आणि जे येऊ शकले नाहीत त्यांना उपयोग व्हावा, एवढ्यासाठी हा गोषवारा आहे.

वाचण्याआधी

रेकॉर्डिंग एकाच फोनवर झालं आणि फोन अध्यक्षांच्या टेबलावर होता. पुढचे आवाज स्वच्छ आहेत. मागच्या खुर्च्यांवरून जे बोललं गेलं ते बाहेरच्या मुलांच्या क्रिकेटमध्ये बरंचसं बुडालं. टाइप केलेल्या प्रतीत नावांऐवजी ‘वक्ता 1’, ‘वक्ता 2’ असं आहे आणि तेही सगळीकडे बरोबर नाही. ‘वक्ता 4’ म्हणजे किमान दोन वेगळे पुरुष आहेत, हे मूळ ऐकल्यावर स्पष्ट होतं. म्हणून प्रत आणि रेकॉर्डिंग दोन्ही समोर ठेवून हे लिहिलं आहे.

नुसतं नाव किंवा पद लिहिलं असेल, तर ती व्यक्ती नक्की आहे : आवाज ओळखीचा आहे किंवा कुणी नावाने हाक मारली आहे. ‘बहुधा’ म्हणजे माझा अंदाज, आणि तो कशावरून केला तेही दिलं आहे. ‘नाव कळत नाही’ असं असेल तिथे अंदाजही केलेला नाही. कंसातले आकडे रेकॉर्डिंगमधली मिनिटं आणि सेकंद आहेत.

टाकी-सफाई

अध्यक्षांनी सुरुवातीलाच सांगितलं की तळटाकी आणि तिन्ही विंगच्या वरच्या टाक्या होळीच्या आत धुऊन व्हायला हव्यात. खजिनदारांनी दोन कोटेशन वाचून दाखवली (04:10). पहिलं 18,000 रुपयांचं आहे, ते स्पष्ट ऐकू येतं. दुसऱ्याच्या वेळी दोघे एकदम बोलले आणि फक्त ‘...वीस हजार, जीएसटी वेगळा’ एवढंच उरलं. ते वीस, बावीस की पंचवीस, हे कोटेशनच्या कागदावरूनच पाहावं.

पहिल्या कोटेशनला मान्यता मिळाली. हात वर करून मत घेतलं, त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये मतांची संख्या नाही. अध्यक्षांचं ‘चला, झालं मग, हेच फायनल’ (09:32) मात्र स्पष्ट आहे आणि त्यावर कुणी हरकत घेतल्याचं ऐकू येत नाही.

क्लोरिनचा आकडा (14:05 ते 18:20)

हा भाग सगळ्यात गोंधळाचा आहे आणि सगळ्यात महत्त्वाचाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

विषय कुलकर्णी काकूंनी काढला. गेल्या वर्षी, जानेवारी 2025 मध्ये, सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत जीबीएसचे रुग्ण आढळले होते, त्याची त्यांनी आठवण करून दिली. त्यांचा प्रश्न असा होता : ‘टँकरचं पाणी टाकीत पडल्यावर त्यात क्लोरिन आहे की नाही, हे आपल्याकडे कोण बघतं?’ यावर एका सभासदाने आपल्याच सोसायटीतल्या एका घरातल्या आजारपणाचा उल्लेख केला. नाव रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं. तरीही ते इथे लिहिलेलं नाही, कारण निर्णयासाठी त्याची गरज नाही.

पुढे तीन-चार जण एकदम बोलू लागले. त्यातलं जे वेगळं काढता आलं ते असं :

एक पुरुष (15:41) : ‘परवा किट आणून बघितलं मी, सी विंगला... पॉइंट...’
दुसरा पुरुष, त्याच वेळी : ‘पॉइंट दोन पाहिजे, पॉइंट दोन.’
एक बाई (15:48) : ‘रंग आलाच नाही म्हणाले ना तुम्ही?’
पहिला पुरुष : ‘नाही, म्हणजे हलका पिवळा...’ पुढचं ऐकू येत नाही.

टाइप केलेल्या प्रतीत हे सगळं एकाच वाक्यात आलं आहे : ‘सी विंगला पॉइंट दोन आलं.’ रेकॉर्डिंगमध्ये असं वाक्य कुणीही बोललेलं नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) उरलेल्या क्लोरिनची किमान मात्रा लिटरला 0.2 मिलिग्रॅम आहे. दुसरा माणूस बहुधा तोच आकडा सांगत होता. ‘पाहिजे’ या शब्दावरून तसं वाटतं. तो मानकातला आकडा झाला, त्या दिवशी सी विंगच्या नळाला आलेला नव्हे. त्यामुळे या बैठकीत पाण्याचं कोणतंही रीडिंग नोंदलं गेलं नाही, असंच धरावं. इतिवृत्तात ‘0.2 आढळलं’ असं जाऊ नये, ही सचिवांना माझी आग्रहाची विनंती.

किट आणणारे गृहस्थ कोण? 16:30 ला कुणीतरी त्यांना हाक मारतं. ती प्रतीत ‘सावंत’ अशी आहे, मला ती ‘सामंत’ही वाटते. आपल्याकडे दोन्ही आहेत, सावंत ए विंगला आणि सामंत सी विंगला. नळ सी विंगचा होता म्हणून बहुधा सामंत, पण आवाजावरून खात्री होत नाही. दोघांनाही विचारून घ्यावं.

यावर ठरलं ते अध्यक्षांनी शेवटी सावकाश सांगितलं, त्यात शंका नाही (18:02) : टँकर रिकामा झाल्यावर टाकीत क्लोरिन टाकायचं, अर्धा तास थांबायचं आणि टाकीपासून सगळ्यात लांबच्या नळाचं पाणी किटने तपासून वहीत लिहायचं.

रोजची नोंद कोण ठेवणार?

इथे काम कुणाच्या तरी नावावर पडणार आहे, म्हणून अंदाजाने नाव लिहिलेलं नाही. 21:15 ला आवाज येतो : ‘मी बघते, सकाळचं मी बघते.’ क्रियापदावरून बोलणारी बाई आहे, एवढं नक्की. प्रतीत तिथे ‘जोशी’ आहे. पण त्या दिवशी दोन जोशी वहिनी हजर होत्या आणि दोघींपैकी कुणाचाही आवाज इतरत्र रेकॉर्डिंगमध्ये नाही, त्यामुळे पडताळता आलं नाही. ज्यांनी हो म्हटलं त्यांनी स्वतः सचिवांना सांगावं. तोपर्यंत ही जबाबदारी कुणाचीच नाही, असं समजून समितीने तात्पुरती सोय करावी.

संध्याकाळचं काम वॉचमनकडे द्यावं, अशी सूचना आली (नाव कळत नाही, मागच्या रांगेतून). त्यावर निर्णय झाला नाही.

बोअरचं पाणी

यावर थोडंच बोलणं झालं. सचिव म्हणाले की टीडीएस मीटरवर आकडा ठीक येतो. त्यावर कुलकर्णी काकूंनी लगेच सांगितलं की टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार, त्यावरून जंतू कळत नाहीत. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. जंतूंची तपासणी प्रयोगशाळेतून करून घ्यायचं ठरलं, नमुना सचिव देणार आहेत. तारीख ठरली नाही.

टँकरचा खर्च

36:00 पासून पुढे सुमारे सहा मिनिटं वाद झाला. टँकरचा खर्च सगळ्यांनी सारखा उचलावा की माणसांच्या संख्येप्रमाणे, हा मुद्दा होता. संख्येप्रमाणे घ्यावा असं म्हणणारे किमान तिघे आहेत, त्यातले एक खजिनदार. बाकी दोघांची नावं कळत नाहीत. ‘भाडेकरूंनी जास्त द्यावं’ हे वाक्य (39:27) प्रतीत खजिनदारांच्या नावावर आहे. ते त्यांचं नाही : त्याच क्षणी खजिनदार दुसऱ्याशी बोलताना ऐकू येतात. कुणाचं आहे ते सांगता येत नाही. विषय वार्षिक सभेकडे ठेवला.

दुरुस्त्या रविवार, 15 फेब्रुवारीपर्यंत सचिवांकडे लेखी द्याव्यात. ‘हे मी बोललो’ किंवा ‘हे मी बोललेच नाही’ एवढं एका ओळीत, वेळेच्या आकड्यासह, लिहिलं तरी पुरे. मूळ रेकॉर्डिंग इतिवृत्त मंजूर होईपर्यंत पुसू नये, ही विनंती अध्यक्षांना केली आहे आणि त्यांनी ती मान्य केली आहे.

— समिती सदस्य, बी विंग