थायरॉईडच्या उपचारांदरम्यान कामात तात्पुरता बदल मिळण्याबाबत

दि. ९ जून २०२५

प्रति,
श्री. कुलकर्णी सर,
व्यवस्थापक, डिस्पॅच विभाग

सप्रेम नमस्कार.

वजन उतरणे, छातीत धडधड, हातांची थरथर आणि रात्र-रात्र झोप नसणे अशा तक्रारींमुळे मी तपासण्या करून घेतल्या. माझी थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन तयार करते आहे, असे गेल्या आठवड्यात निदान झाले. कारण ग्रेव्हज हा आजार. तो संसर्गजन्य नाही आणि उपचाराने आटोक्यात येतो.

कार्बिमाझोल सुरू झाले आहे. ते नवे हार्मोन तयार होणे रोखते, पण ग्रंथीत आधीच साठलेले हार्मोन संपेपर्यंत त्रास चालूच राहतो. त्यामुळे फरक पडायला साधारण चार ते आठ आठवडे लागतील, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. मला रजा नको आहे. काम करायचेच आहे, फक्त हे आठवडे निभावून न्यायला आपली मदत हवी आहे.

सर्वांत महत्त्वाची विनंती फोर्कलिफ्टबद्दल. हात थरथरत असताना ती चालवणे माझ्यासाठी आणि खाली उभ्या असलेल्यांसाठी धोक्याचे आहे. उद्यापासूनच मला त्या कामावरून काढावे. दुसऱ्या पाळीतील दोघांकडे परवाना आहे, त्यांच्याशी मी बोलले आहे आणि ते तयार आहेत. जड खोकी उचलण्याचे कामही सध्या नको, कारण थोड्या श्रमानेही नाडी वेगाने धावते. त्याऐवजी चलन तपासणे, साठ्याची नोंद आणि परत आलेल्या मालाचा हिशेब हे काम मी पूर्णपणे सांभाळीन. उकाडा अजिबात सहन होत नाही, म्हणून बसायची जागा पंख्याजवळ असावी.

१६ जूनपासून आठ आठवडे रात्रपाळी वगळावी. औषधाचा डोस ठरवायला दर चार-सहा आठवड्यांनी रक्त तपासावे लागेल. त्या दिवशी मी दोन तास उशिरा येईन आणि तेवढा वेळ संध्याकाळी भरून देईन.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. या औषधाने क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या कमी होतात. ताप आला किंवा घसा दुखू लागला, तर औषध थांबवून त्याच दिवशी रक्त तपासायचे असते. तसे झाल्यास मी आपल्याला कळवून लगेच निघेन, तेव्हा पाळी संपेपर्यंत थांबता येणार नाही.

औषध वर्ष-दीड वर्ष चालेल, पण कामातला हा बदल तेवढा काळ लागणार नाही. आठ आठवड्यांनी नवे रिपोर्ट घेऊन भेटते, मग पुढचे ठरवू. आजाराचे नाव आपल्यापुरतेच राहावे. सहकाऱ्यांना ‘तब्येतीमुळे बदल’ एवढेच सांगितले तरी चालेल.

या आठवड्यात दहा मिनिटे वेळ दिलीत, तर समक्ष बोलता येईल.

आपली विश्वासू,
मीनल साठे
डिस्पॅच विभाग

सोबत: डॉक्टरांचे प्रमाणपत्र